बनावट पैठणी पेजवर फसताना होणाऱ्या चुका

समजा, इन्स्टाग्रामवर जाहिरात येते: येवल्यातल्या नावाजलेल्या पैठणी दुकानाचं नाव, त्यांचाच लोगो, दुकानातलेच फोटो. ‘स्टॉक क्लिअरन्स, १८,००० ची पैठणी १,४९९ ला, फक्त आज.’ हातमागावरची पैठणी विणायला कित्येक आठवडे लागतात. १,४९९ रुपयांत विणकराची मजुरीसुद्धा निघत नाही. पण तेवढा विचार होईपर्यंत बोट ‘ऑर्डर’वर गेलेलं असतं.

पहिली चूक म्हणजे खरेपणा त्या पेजवरच शोधणं. फोटो, पत्ता, ग्राहकांचे अभिप्राय, अगदी जीएसटी क्रमांकसुद्धा खऱ्या दुकानाकडून उचललेला असू शकतो. जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकला तर नाव-पत्ता बरोबरच येतो. त्यावरून दुकान आहे एवढंच कळतं. हे पेज त्यांचंच आहे का, हे नाही.

पेजचा इतिहास मात्र उचलता येत नाही. फेसबुकवर About मध्ये Page transparency उघडा. पेज कधी सुरू झालं, आधी कोणत्या नावाने होतं आणि चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. तीस वर्षं जुन्या दुकानाचं पेज गेल्या महिन्यात सुरू झालेलं असेल, किंवा कालपर्यंत ते मोबाइल कव्हरच्या नावाने चालत असेल, तर तिथेच थांबा. इन्स्टाग्रामवर About this account मध्ये अशीच माहिती मिळते, पण ती प्रत्येक खात्याला दिसत नाही. जुनं, हॅक केलेलं खातंही वापरतात, म्हणून नुसत्या जुन्या तारखेवर विसंबू नका.

दुसरी चूक फोनची. लोक खात्री करायला जाहिरातीतल्याच नंबरवर फोन करतात आणि पलीकडून गोड आवाजात ‘हो ताई, आपलंच दुकान’ असं ऐकतात. नंबर जुन्या बिलावरचा, पिशवीवरचा किंवा तिथून खरेदी केलेल्या नातेवाइकाकडून घ्या आणि ‘तुमची अशी ऑफर चालू आहे का?’ एवढंच विचारा. दुकानदारालाही बरं पडतं, कारण त्याच्या नावाने चाललेला उद्योग त्याला बहुतेक वेळा ग्राहकाकडूनच कळतो.

पैसे भरताना यूपीआय पिन टाकण्याआधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. दुकान किंवा मालकाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं, तर ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका.

आणि पैसे गेलेच, तर सगळ्यात महागात पडते ती ‘रिफंड’ची वाट. ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे परत येतील’ असं फसवणारे सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की आणखी पैसे जातात. त्यांच्याशी वाद न घालता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक द्या, बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पेज ब्लॉक करण्यापूर्वी चॅट, जाहिरात आणि पेजची लिंक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.