दिवाळी कॅम्पेनचे आकडे वाचताना या चुका टाळा (विशेषतः भाऊबीजेच्या रात्री)

दरवर्षी भाऊबीज झाली की मला स्क्रीनशॉट यायला लागतात. "ताई ही ॲड जबरदस्त चालली, पुढच्या वर्षी सगळी कॉपी अशीच लिहा." ॲड मॅनेजरचा स्क्रीनशॉट असतो, त्यात क्लिक आणि ऑर्डर दिसतात आणि तेवढ्यावरच पुढच्या दिवाळीचा निर्णय झालेला असतो. पार्सलं अजून कुरिअरच्या गाडीत आहेत, रिटर्नची मुदत संपलेली नाही, आणि कोण जिंकलं हे ठरलंसुद्धा. या घाईचा मला खरंच राग येतो, कारण तिचे पैसे नंतर भरावे लागतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. सेमी पैठणी विकणाऱ्या एका छोट्या दुकानाचं काम माझ्याकडे होतं, साडी 1,799 ची, आर्ट सिल्क, यंत्रमागावरची. त्या दिवाळीत आम्ही दोन ॲड चालवल्या, फोटो तोच, किंमत तीच, बजेट सारखं, फक्त मजकूर वेगळा. पहिलीत होतं "या दिवाळीत नेसा पैठणीचा राजेशाही थाट". दुसरीत होतं "सेमी पैठणी, आर्ट सिल्क, वजनाला हलकी, दिवसभर नेसून फराळाची ताटं फिरवता येतील अशी". पहिल्या ॲडमध्ये खोटं काही नव्हतं, पण "सेमी" हा शब्द फक्त साइटवर, खाली तपशिलात होता.

हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केलेत. दोन्हीवर 20,000 खर्च. पहिलीला 2,000 क्लिक, 60 ऑर्डर. दुसरीला 1,200 क्लिक, 48 ऑर्डर. भाऊबीजेला दुकानाच्या ताईंचा मेसेज आला, पहिली जिंकली, आणि मीसुद्धा हो म्हटलं, ती माझी चूक.

मग पार्सलं परत यायला लागली. पहिल्या ॲडच्या 60 पैकी 14 पार्सलं दारातूनच परत आली आणि 13 साड्या गिऱ्हाइकांनी उघडून बघून परत पाठवल्या, म्हणजे घरात राहिल्या 33. दुसरीच्या 48 पैकी 5 दारातून आणि 2 उघडून परत, राहिल्या 41. जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च वजा केला की एका साडीमागे 700 सुटत होते आणि परत आलेल्या प्रत्येक पार्सलचा जाण्यायेण्याचा भुर्दंड साधारण 160. मांडून बघा, पहिली ॲड 1,220 रुपये तोट्यात आणि दुसरी 7,580 फायद्यात. जी हरली असं आम्ही ठरवलं होतं तीच कमावत होती.

आणि कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रिटर्नच्या फॉर्ममधे बहुतेकांनी "अपेक्षेप्रमाणे नाही" एवढंच निवडलं होतं, त्यावरून काही कळत नाही. पण व्हॉट्सॲपवर आलेले फोटो मी एकेक उघडून बघितले, तर बरेच फोटो पदराच्या उलट्या बाजूचे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे असतात. बायकांनी साडी हातात घेतल्याघेतल्या पदर उलटला आणि ठरवलं, आपली फसवणूक झाली. "पैठणी" वाचून जो क्लिक झाला होता तो येवल्याच्या साडीचं स्वप्न बघत झाला होता. त्या जादा 800 क्लिकना आम्ही भुललो, आणि त्यातून जे आलं ते बरंचसं परत गेलं.

म्हणून माझी सवय आता अशी आहे की ऑर्डरवर नाही, घरात राहिलेल्या ऑर्डरवर कॉपी मोजायची. त्यासाठी प्रत्येक मजकुराच्या लिंकला वेगळी खूण हवी, नाहीतर परत आलेली साडी कुठल्या ओळीमुळे विकली गेली होती हे कधीच कळणार नाही.

```
utm_campaign=diwali25&utm_content=semi-spashta
```

ही खूण ऑर्डरच्या शीटमधे उतरली पाहिजे, आणि शेजारी एकच रकाना, "राहिली / दारातून परत / उघडून परत". बास. लोक मला महागडी डॅशबोर्डं दाखवतात ज्यात हा एक रकाना नसतो.

दुसरी चूक याच रकान्यातली, दोन्ही प्रकारचे रिटर्न एकात घालणं. उघडून परत आलेली साडी सांगते की कॉपीने दाखवलं एक आणि हातात पडलं दुसरं, तिथे ॲडचे शब्द बदला. दारातून परत, ज्याला विकणारे आरटीओ म्हणतात, त्यात गिऱ्हाइकाने साडी बघितलेलीच नसते. त्याची कारणं वेगळी, कॅश ऑन डिलिव्हरीवर रात्री उत्साहात केलेली ऑर्डर, उशीर झालेलं पार्सल, आणि आपल्याकडचं अगदी नेहमीचं म्हणजे पुण्याच्या फ्लॅटला कुलूप आणि माणसं गावी. हे कुठल्याही सुंदर हेडलाइनने सुटत नाही. ऑर्डर झाल्यावर जो मेसेज जातो त्यात मी एक ओळ घालते, "पार्सल वसुबारसेच्या आसपास पोचेल, तेव्हा कुठल्या पत्त्यावर असाल?" आणि हो, दोन ॲडची तुलना करताना कॅश ऑन डिलिव्हरीचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं का तेही बघा, नसेल तर दारातून परत आलेल्यांचा दोष मजकुरावर ढकलू नका.

तारखेवरून मागच्या वर्षीशी तुलना करणारे तर फारच भेटतात. लक्ष्मीपूजन 2024 ला 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला. म्हणजे 10 ऑक्टोबरचा दिवस एका वर्षी 22 दिवस आधीचा आणि दुसऱ्या वर्षी 11 दिवस आधीचा. पहिल्यात लोक नुसतं बघतात, दुसऱ्यात "वेळेत येईल का" विचारतात. शीटमधे तारीख लिहू नका, लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी ते लिहा, मग कुठली ओळ कधी चालते ते आपोआप दिसतं.

बाकीच्या पटकन सांगते. `Clicks (all)` बघू नका, त्यात लाइक आणि कमेंटसुद्धा मोजतात, `Link clicks` बघा. मजकूर, फोटो आणि सूट तिन्ही एकदम बदललेत तर त्या आकड्यातून काही शिकता येत नाही. एकीला 2 रिटर्न आणि दुसरीला 4 एवढ्यावर निकाल लावू नका, तेवढा फरक योगायोगानेही पडतो, तेव्हा आकडे सोडा आणि त्या सहा जणींचे मेसेज वाचा.

निकाल कधी वाचायचा? मी देवदिवाळीपर्यंत थांबते, पाडव्यापासून बरोबर महिना होतो, तोवर रिटर्नची मुदत संपलेली असते आणि कुरिअरमधे अडकलेलं बहुतेक सगळं परत आलेलं असतं. बऱ्याच जणांना हा महिना निघत नाही. पण पुढची दिवाळी अकरा महिने लांब आहे, घाई कसली आहे?

त्या साडीवाल्या ताईंकडे पुढच्या वर्षी आम्ही "सेमी" हा शब्द पहिल्याच ओळीत घेतला, आणि फोटोंमधे दुसरा फोटो पदराच्या उलट्या बाजूचा ठेवला, सुट्या धाग्यांसकट.