काजू कारखान्याचा ताळेबंद: आधी साठा फोडून बघा

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या एखाद्या लहान काजू कारखान्याला उधारीवर माल द्यायचा असेल किंवा त्यात भागीदारी करायची असेल, तर ३१ मार्चचा ताळेबंद मागून घ्या. समजा, चालू मालमत्ता ३० लाख आणि वर्षभरात फेडायची देणी २० लाख आहेत. करंट रेशो आला १.५. बँका साधारण १.३३ धरतात, म्हणजे वरवर सगळं ठीक. विक्री ६० लाख, निव्वळ नफा ३ लाख, म्हणजे मार्जिन ५ टक्के.

आता ते ३० लाख फोडा. त्यात साठा २१, येणी ७ आणि रोकड २. साठा वगळला तर २० लाखांच्या देण्यासमोर उरतात फक्त ९ लाख. क्विक रेशो ०.४५.

एवढ्यावरून कारखाना अडचणीत आहे म्हणू नका. मार्चमध्ये नवी बी यायला लागते, ती वर्षभरासाठी भरून ठेवावीच लागते. म्हणून साठ्याची यादी मागा आणि त्यात नवी बी किती, गेल्या हंगामातला गर किती ते बघा. समजा, ६ लाखांचा जुना गर खवट होऊन निम्म्या भावालाच जाणार आहे. साठा ३ लाखांनी उतरला की करंट रेशो १.३५ होतो, पण नफा थेट शून्य! करंट रेशो हे लपवतो, मार्जिन लगेच दाखवतं.

कारखाना एकट्या मालकाचा असेल तर नफ्यातून त्याच्या मेहनतीचा पगारही वजा करून बघा. हिशेबात तो खर्च म्हणून सहसा दाखवलेला नसतो.