भिंतीचा रंग आणि दाराचं पॉलिश न उखडता टेपचे डाग कसे काढावेत

भिंतीवरची टेप ओढली की दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एकतर टेपबरोबर रंगाचा टवका येतो, नाहीतर टेप निघते आणि गोंद तिथेच राहतो. मग त्या गोंदावर धूळ बसून काळपट चौकोन दिसायला लागतो. दोन्ही टाळता येतं, पण हातात काही घेण्याआधी गोंद कशावर बसलाय हे बघा. गोंद विरघळवणारं काही ना काही घरात सापडतंच. खालच्या रंगाला किंवा पॉलिशला ते सोसेल का, हा खरा प्रश्न असतो.

भिंतीची परीक्षा सोपी आहे. कपाटामागे किंवा पडद्याआड, चटकन दिसणार नाही अशा जागी ओलं बोट चार-पाच वेळा फिरवा. बोटाला रंग लागला तर तो साधा डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर पाणी, तेल, साबण काहीच चालत नाही. तिथे फक्त ऊब आणि संयम चालतो. बोट स्वच्छ निघालं तर बहुधा इमल्शन किंवा ऑइल पेंट आहे, त्यावर पुढचं सगळं करता येईल.

आधी टेप काढा, गोंद नंतर

फोमची डबल साइड टेप सगळ्यात जास्त रंग उखडते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. समजा, इमल्शनच्या भिंतीवर अशा टेपने एक हूक दोन-तीन वर्षं चिकटवलेला आहे. तो सरळ समोर ओढलात तर पोपडा आलाच म्हणून समजा. फोमचा गोंद रंगाला धरून असतो, रंग खालच्या लांबीला, म्हणजे पुट्टीला धरून असतो आणि त्यातला जो कच्चा दुवा असेल तो आधी सुटतो. तो दुवा बहुतेक वेळा रंगाचाच असतो.

हेअर ड्रायर वीतभर अंतरावर धरून अर्धा-पाऊण मिनिट हलवत राहा. एकाच जागी रोखू नका, नाहीतर रंगाला फुगे येतात. हात लावल्यावर भिंत चांगली कोमट लागली, पण चटका बसला नाही, की थांबा. आता शिवणकामाचा जाड दोरा किंवा मासेमारीची नायलॉनची दोरी दुहेरी करून हुकाच्या मागे वरून घाला आणि करवतीसारखी पुढेमागे ओढत खाली या. दोरा फोम मधोमध कापतो, त्यामुळे सगळा ताण फोमवर येतो, भिंतीवर येत नाही. हूक हातात येतो आणि भिंतीवर फोमचा पातळ थर उरतो.

हा थर पुन्हा गरम करा. मग त्याचं एक टोक नखाने सोडवून भिंतीला जवळजवळ समांतर, म्हणजे टेपवरच टेप दुमडून, अगदी सावकाश ओढा. सेलोटेप आणि मास्किंग टेप काढायचीही हीच रीत. ओढताना टेपच्या पाठीकडे लक्ष ठेवा. तिथे भिंतीच्या रंगाचा पापुद्रा दिसला किंवा बारीक चर्रर्र असा आवाज आला तर लगेच थांबा, पुन्हा ऊब द्या आणि दुसऱ्या टोकाकडून या. त्या क्षणी घाई केली तर नखाएवढा टवका तळहाताएवढा होतो.

मास्किंग टेपची अडचण वेगळी आहे. ती थोड्या दिवसांसाठी असते. महिनोन्‌महिने उन्हात राहिली तर तिचा गोंद वाळून कडक होतो, कागद धाग्याधाग्याने फाटतो. अशा वेळी ओढाताण करू नका. धुता येणाऱ्या रंगावर असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं कागदावर दाबून ठेवा. कागद मऊ होऊन बोटाने गुंडाळून निघतो. गोंद मात्र पाण्याने निघत नाही, तो तसाच उरतो.

भिंतीवर उरलेला गोंद

ताजा, चिकट गोंद असेल तर आधी बोटाने एकाच दिशेने चोळून त्याच्या गोळ्या करा. टेपचाच एक तुकडा बोटावर उलटा गुंडाळून थपथप टिपलं तर उरलासुरला गोंद त्याला लागून येतो. पेन्सिलचं मऊ पांढरं खोडरबरही चालतं. मॅट इमल्शनवर जोर मात्र लावू नका. जास्त घासलं की तिथला रंग घोटला जातो आणि बाजूने प्रकाश पडला की तेवढाच भाग तुकतुकीत दिसतो. ती चकाकी पुसून जात नाही, वरून रंगच द्यावा लागतो.

मॅट भिंतीवर तेल लावायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. मॅट रंग तेल पितो, डाग पसरतो आणि पुढे त्यावर नवा रंगही नीट धरत नाही. ऑइल पेंटच्या गुळगुळीत भिंतीवर मात्र थोडं तेल चालतं, फक्त नंतर साबणाच्या पाण्याने पूर्ण पुसून काढायला हवं. स्पिरिट आणि सॅनिटायझर इमल्शन मऊ करतात, नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर तर सरळ रंग उतरवतात.

लाकडी दार

दाराला भिंतीसारखी लांबी-रंगाची भानगड नसते, पण पॉलिश नाजूक असतं. जुन्या पॉलिशच्या दारावरचा सेलोटेपचा पिवळा पट्टा मी एकदा सॅनिटायझरने पुसायला घेतला होता. गोंद निघाला, पण दोन मिनिटांत फडकं पॉलिशला चिकटायला लागलं. तिथे जो पांढुरका, खरबरीत पट्टा उरला, तो सुताराकडून पुन्हा पॉलिश करून घेईपर्यंत गेला नाही. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात, त्यामुळे सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने ते पुन्हा विरघळतं.

म्हणून आधी बिजागरीच्या बाजूच्या कडेवर स्पिरिटचा एक थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावा. चिकट लागलं तर लाख आहे, स्पिरिट वर्ज्य. लाख असो वा ऑइल पेंट, बहुधा तेल किंवा मिनरल टर्पेंटाइन सोसतं, तरी तेही आधी त्याच कडेवर लावून बघा.

सेलोटेपची फिल्म ऊब देऊन आधी काढून घ्या. मग कापसाच्या बोळ्याने गोंदावरच खाद्यतेल लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. गोंद फुगून ढिला झाला की जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, ढकलत काढा. सुरी किंवा ब्लेड नको. तरीही पिवळा कडक थर राहिला तर फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलक्या हाताने पुसा. खिडक्या उघड्या ठेवा आणि ड्रायर बंद करून बाजूला ठेवा, कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. शेवटी साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं फिरवून लगेच कोरडं करा. पॉलिश नसलेल्या कच्च्या लाकडावर तेल मुळीच लावू नका, काळपट डाग कायमचा मुरतो.

टवका उडालाच तर

सुटलेल्या कडा ब्लेडने कापून घ्या, नाहीतर पोपडा पुढे सरकत राहतो. लांबीचा पातळ हात द्या, वाळली की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा, प्रायमर लावा आणि मग रंगाचे दोन हात द्या. टेपचा पिवळा डाग रंगात मुरलेला असेल तर साधा रंग त्याला झाकत नाही, तो पुन्हा वर येतो. तिथे आधी डाग अडवणारा प्रायमरच लागतो.