संध्याकाळच्या गाण्यासाठी बोसा नोव्हा : सात कॉर्ड आणि एक ठेका

गिटारवर बोसा नोव्हा ही ब्राझीलची शैली वाजवताना साधे ओपन कॉर्ड घेतले, तर ठेका कितीही बरोबर असला तरी रंग जमत नाही. साध्या सी कॉर्डमध्ये पाच तारा वाजतात, पण स्वर तीनच असतात. सी दोनदा येतो, ई दोनदा येतो, आणि सगळं मिळून एक जाड, ठाम आवाज होतो. १९५८ च्या सुमारास रिओ द जानेरोमध्ये गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तो यांनी रुळवलेल्या या शैलीत एका वेळी चारच स्वर वाजतात आणि चारही वेगळे असतात. अंगठा खाली एक खर्जाचा स्वर देतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वरचे स्वर देणाऱ्या तीन तारा एकदम ओढतात. सांबाच्या ताफ्यातल्या सुर्दो या मोठ्या ढोलाचं काम अंगठा करतो, तर तांबोरिम या छोट्या वाद्याचं तुटक बोलणं बाकीची बोटं करतात. एवढं डोक्यात ठेवलं की उजव्या हाताचं गणित सुटतं.

गिटार शक्यतो नायलॉनच्या तारांची घ्या आणि पिक बाजूला ठेवा. स्टीलच्या तारांवरही वाजवता येतं, पण तिथे खर्ज फार वेळ घुमतो आणि वरचे स्वर त्यात बुडतात. तशी गिटार असेल तर उजवा हात आवाजाच्या भोकाच्या थोडा पुढे, फिंगरबोर्डाच्या टोकाजवळ न्या आणि अंगठ्याची नखाऐवजी मांसल बाजू वापरा.

कॉर्ड

चार-चार मात्रांच्या आठ बारचा एक फेरा घेऊ. सूर सी मेजरचा आहे. आकडे फ्रेटचे आहेत, डावीकडे सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार, उजवीकडे पहिली. फुली असलेली तार वाजवायची नाही.

```
बार १   सी मेजर ९       × ३ २ ४ ३ ×
बार २   सी ६/९          × ३ २ २ ३ ×
बार ३   ए मायनर ७       ५ × ५ ५ ५ ×
बार ४   ए ७ फ्लॅट १३     ५ × ५ ६ ६ ×
बार ५   डी मायनर ९      × ५ ३ ५ ५ ×
बार ६   जी १३           ३ × ३ ४ ५ ×
बार ७   सी मेजर ९       × ३ २ ४ ३ ×
बार ८   डी फ्लॅट ९       × ४ ३ ४ ४ ×
```

सगळीकडे वरचे तीन स्वर चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवरच आहेत. त्यामुळे उजव्या हाताची तीन बोटं आपापल्या तारेवरून हलतच नाहीत. तर्जनी चौथीवर, मधलं बोट तिसरीवर, अनामिका दुसरीवर. फक्त अंगठा कधी पाचव्या, कधी सहाव्या तारेवर जातो.

आता फक्त दुसरी तार एका बारला एकदा अशी ओळीने वाजवून पाहा : डी, डी, ई, एफ, ई, ई, डी, ई फ्लॅट. चढून उतरणारी एक छोटी चाल ऐकू येईल. कॉर्ड असे निवडण्याचं कारण हेच आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला कॉर्डचं नाव कळत नाही, सगळ्यात वरचा स्वर कुठून कुठे गेला हे मात्र लगेच कळतं. तो स्वर उड्या मारायला लागला की गाण्यातली संध्याकाळ निघून जाते.

पाचव्या ते सातव्या बारमधली वाटचाल बारकाईने बघण्यासारखी आहे. डी मायनर ९ मध्ये वरचे स्वर एफ, सी, ई आहेत. जी १३ मध्ये ते एफ, बी, ई होतात, म्हणजे मधला एकच स्वर अर्ध्या पायरीने खाली येतो. पुढच्या सी मेजर ९ मध्ये ई, बी, डी. इथे बी जागेवर थांबतो आणि कडेचे दोन खाली सरकतात. तिन्ही कॉर्डमधला मूळ स्वर अंगठ्याकडे आहे, म्हणून बोटांनी तो परत घेतलेला नाही. पाचवा स्वरही गाळलेला आहे, कारण तो कॉर्डच्या रंगात फारशी भर घालत नाही आणि एक बोट अडवून ठेवतो.

डाव्या हाताची बोटं हीच काटकसर पाळू देत. सी मेजर ९ साठी मधलं बोट पाचव्या तारेवर, तर्जनी चौथीवर, करंगळी तिसरीवर, अनामिका दुसरीवर. पुढच्या बारला करंगळी उचला आणि तर्जनी जराशी आडवी करून तिसरी तारही दुसऱ्या फ्रेटवर दाबा, झालं सी ६/९. ए मायनर ७ साठी तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी दाबा, म्हणजे ए ७ फ्लॅट १३ साठी तर्जनी तशीच ठेवून मधलं बोट तिसऱ्या तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला टेकवली की काम होतं. डी मायनर ९ मध्ये मधलं बोट पाचव्या तारेवर, तर्जनी चौथीवर, अनामिका तिसरीवर, करंगळी दुसरीवर. तिथून जी १३ ला जाताना करंगळी अजिबात उचलू नका. तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर सहाव्या तारेपर्यंत आडवी पसरवा आणि मधलं बोट तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणा. आठव्या बारचा डी फ्लॅट ९ म्हणजे डी मायनर ९ चाच आकार, फक्त तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर थांबते आणि बाकीची तीन बोटं एक फ्रेट खाली येतात. नेहमीच्या जी ७ ऐवजी हा कॉर्ड घेतला की खर्ज डी फ्लॅटवरून सी वर अलगद घसरतो आणि फेरा पहिल्या बारवर परत येतो.

ठेका

एक बार म्हणजे चार मात्रा. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले की बारची आठ घरं होतात. ठेका दोन बारचा, म्हणून सोळा घरं.

```
घर      १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ | ९ १० ११ १२ १३ १४ १५ १६
बोटं    ● · · ● · · ● · | ·  ·  ●  ·  ·  ●  ·  ·
अंगठा   ● · · · ● · · · | ●  ·  ·  ·  ●  ·  ·  ·
```

आधी फक्त अंगठा वाजवा. मेट्रोनोम मिनिटाला ४० वर ठेवा आणि प्रत्येक टिकेवर एक खर्ज घ्या. दोन्ही वेळा मूळ स्वरच वाजवला तरी चालतो. मूळ आणि पाचवा असा आलटून पालटून खर्ज नंतर आणता येईल, पण तर्जनी आडवी धरलेल्या आकारांत त्यासाठी बोटं ताणावी लागतात आणि सुरुवातीला त्यातच लक्ष जातं. बारमधला दुसरा खर्ज पहिल्यापेक्षा किंचित भरीव ठेवा. सांबात सुर्दोचा भार दुसऱ्या ठोक्यावर असतो, तो इथे झिरपून आलेला आहे. केरव्याची सवय असलेल्या हाताचा समेवर जोर पडतो. तो जोर इथे काढून टाकावा लागतो, नाहीतर ठेका जमिनीला चिकटल्यासारखा वाटतो.

अंगठा न विचार करता चालू लागला की बोटं आणा. पहिल्या घरात दोन्ही एकदम पडतात. चौथ्या घरातला कॉर्ड अंगठ्याच्या ठीक एक घर आधी आहे, आणि चौदाव्या घरातला अंगठ्याच्या एक घर नंतर. सगळी अडचण या दोन ठिकाणी आहे. चौथ्या घरात बोटं ओढली की अंगठाही त्यांच्याबरोबर लवकर पडतो आणि ठेका हळूहळू पळायला लागतो. हे वाजवताना कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करून मेट्रोनोमबरोबर ऐका : दर दोन बारला खर्ज टिकेच्या थोडा आधी येत असेल तर दोष इथेच आहे. उपाय म्हणून फक्त तीन, चार आणि पाच ही घरं एकाच कॉर्डवर फिरवत राहा. तिसरं घर रिकामं, चौथ्यात बोटं, पाचव्यात अंगठा.

मेट्रोनोम ५६ ते ६४ वर आला की संध्याकाळच्या गाण्याची चाल मिळते. त्याहून वेगात गेलं तर ठेका सांबाकडे झुकतो. आठही घरांची लांबी सारखी हवी. जॅझसारखा झोका दिला, म्हणजे पहिलं घर लांब आणि दुसरं आखूड केलं, तर बोसा नोव्हाचा पोत जातो.

तीन तारा एकदम वाजल्या पाहिजेत, एकापाठोपाठ एक नाही. त्यासाठी बोटं आधी तारांवर टेकवा, मग आतल्या बाजूला, तळहाताकडे मिटल्यासारखी ओढा. तार वर उपटली तर ती फ्रेटवर आपटून खडखडते. कॉर्ड किती वेळ टिकवायचा हे डावा हात ठरवतो. सातव्या घरातला कॉर्ड वाजल्यावर लगेच दाब सैल करा, बोटं तारांवरून न उचलता. आवाज थांबतो, आणि नवव्या घरातला खर्ज स्वच्छ ऐकू येतो. याच रिकाम्या आठव्या घरात डावा हात पुढचा कॉर्ड धरतो.

कॉर्ड आधी आणणं

वरचा ठेका स्थिर झाला की एक बदल करा. चौदाव्या घरानंतर सोळाव्या घरात पुढच्या बारचा कॉर्ड बोटांनी वाजवा, आणि नंतर पहिल्या घरात बोटं वाजवू नका, फक्त अंगठा. म्हणजे वरचे स्वर नव्या कॉर्डचे आधी येतात आणि खर्ज अर्ध्या मात्रेने मागाहून पोचतो. बोसा नोव्हाची हळुवार ओढ प्रामुख्याने यातून येते.

सहाव्या बारकडून सातव्याकडे जाताना हे असं घडतं. तेराव्या घरात अंगठ्याने जी, चौदाव्यात बोटांनी एफ-बी-ई. पंधरावं घर रिकामं, तिथे डावा हात सी मेजर ९ वर जातो. सोळाव्यात बोटांनी ई-बी-डी, आणि पुढच्या पहिल्या घरात अंगठ्याने एकटा सी. आकार बदलताना जी चा खर्ज तुटतो. तो तुटू द्या. तो धरून ठेवायच्या नादात तर्जनी अडकली की सोळाव्या घरातला कॉर्ड उशिरा पडतो आणि मग हा कॉर्ड मुद्दाम आधी आणलेला न वाटता चुकलेला वाटतो.

हा बदल फेऱ्यात चार ठिकाणी येतो : दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या बारच्या शेवटी. गाण्याच्या अगदी सुरुवातीचं पहिलं घर मात्र बोटांसकट वाजवा, कारण तिथे आधीचं काही नसतं.

यातल्या एकाही आकारात मोकळी तार नाही, म्हणून सूर बदलायला कापो लागत नाही. सगळं दोन फ्रेट वर सरकवलं की डी मेजर, तीन सरकवलं की ई फ्लॅट. गाताना आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा आणि गिटार त्याहून हळू. शब्द ठेक्याच्या घरांत बसवू नका. गिटार ठाम चालत असेल तर ओळ अर्धी मात्रा उशिरा सुरू झाली तरी चालते, फक्त तिच्यामागे अंगठा रेंगाळता कामा नये. शेवटच्या फेऱ्यात आठव्या बारच्या सोळाव्या घरात सी ६/९ चे वरचे तीन स्वर वाजवा, पुढच्या पहिल्या घरात अंगठ्याने सी द्या आणि दाब न सोडता ते विरेपर्यंत धरून ठेवा.