मोबाईल हरवला? तोच नंबर परत मिळवताना काय करायचं, किती थांबायचं

मोबाईल हरवला की पहिला फोन सिम बंद करण्यासाठी करा, शोधाशोध नंतर. ज्याच्या हाती तो मोबाईल लागला असेल, तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. घरातल्या कुणाच्याही फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा आणि 'सिम हरवलंय, बंद करा' असं सांगा. ते नाव, जन्मतारीख, पत्ता, कधीकधी शेवटचा रिचार्ज विचारतात. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लगेच बँकेलाही कळवून यूपीआय आणि मोबाईल बँकिंग थांबवा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

त्यानंतर पोलिसांत तक्रार. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलिसांच्या संकेतस्थळावर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये घरबसल्या नोंद करता येते आणि तिची प्रत मिळते. पण ही सोय हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. मोबाईल चोरीला गेला असेल तर ठाण्यातच जावं लागतं. डुप्लिकेट सिम घेताना मोबाईल कंपनीच्या प्रत्येक गॅलरीत ही प्रत मागतातच असं नाही, तरीही काढून ठेवा. पुढे मोबाईल ब्लॉक करताना ती लागतेच.

गॅलरीत जाण्याआधी नंबर कुणाच्या नावावर आहे ते नक्की करा. बहुतेकांची खेप इथेच फुकट जाते. आपल्याकडे मुलं पुण्यात शिकत असतात आणि सिम गावाकडच्या वडिलांच्या नावावर असतं. अशा वेळी मुलाचं आधार चालत नाही. वडिलांनाच यावं लागतं, कारण केवायसी नव्याने होते: अंगठा घेतात आणि जागेवरच फोटो काढतात. वडील त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन सिम घेऊ शकतात, कारण पुणे आणि ते गाव एकाच महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. मुंबई हे मात्र वेगळं सर्कल आहे. सर्कलबाहेर डुप्लिकेट सिम मिळेल का, हे कंपनीला आधी फोन करून विचारा.

सोबत मूळ आधार कार्ड, पोलीस तक्रारीची प्रत आणि चालू असलेला दुसरा मोबाईल नंबर असू द्या. दुसरा नंबर ओटीपीसाठी लागतो, कारण तुमचा तर बंद आहे. आधारशिवाय मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्टही जवळ ठेवा. शेतात राबलेल्या किंवा वयस्कर हातांचे ठसे मशीन कित्येकदा घेत नाही. काहींनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या मूळ कागदावर केवायसी करून घ्यायला सांगा. कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीतच जा, म्हणजे काम अडलं तर तिथे विचारायला माणूस असतो. फी कंपनीनुसार बदलते, पावती घ्या.

नवं सिम बहुधा काही तासांत चालू होतं. कॉल येतात-जातात, इंटरनेटही चालतं, पण एसएमएस मात्र 24 तास बंद असतात, येणारेही आणि जाणारेही. दूरसंचार विभागाने हा नियम मुद्दाम केलाय. दुसऱ्याच कुणी तुमच्या नावाने सिम काढलं, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत आणि तुम्हाला सावध व्हायला एक दिवस मिळावा, यासाठी. त्यामुळे मेसेज येत नाहीत म्हणून घाबरून पुन्हा गॅलरीत धावू नका.

समजा शनिवारी संध्याकाळी मोबाईल गेला, रविवारी अकराला सिम घेतलं आणि ते दुपारी एकला चालू झालं. तर सोमवारी दुपारी एकपर्यंत ओटीपी येणार नाहीत. यूपीआय ॲपही नव्याने जोडता येणार नाही, कारण ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवूनच नोंदणी करतं. सोमवारी सकाळी कॉलेजची फी भरायची असेल तर रोख काढून ठेवा किंवा घरच्यांना भरायला सांगा. व्हॉट्सॲप मात्र लगेच सुरू करता येतं. पडताळणीचा कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागवा. नव्या फोनवर ते सुरू झालं की हरवलेल्या फोनवरचं आपोआप बंद होतं. 24 तास उलटूनही एसएमएस आले नाहीत तर ग्राहक सेवेला कळवा. डुप्लिकेट सिम घेतल्यावर 7 दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एसएमएस सुरू झाले की हरवलेला मोबाईल ब्लॉक करा. त्यासाठी sancharsaathi.gov.in वर आयएमईआय क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र द्यावं लागतं. ओटीपी येतो म्हणूनच ही पायरी सिमनंतरची. आयएमईआय म्हणजे प्रत्येक मोबाईलचा स्वतःचा वेगळा क्रमांक, तो मोबाईलच्या खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. अर्ज केल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. मोबाईल परत मिळाला तर तो अनब्लॉक करताना हाच आयडी विचारतात.