५०० पैकी १८०च शेअर मिळाले, आता काय करायचं? अर्धवट लागलेली लिमिट ऑर्डर अशी हाताळा

समजा, तुम्ही ५०० शेअर घेण्यासाठी ४१२.५० भावाची लिमिट ऑर्डर टाकली. थोड्या वेळाने ऑर्डरचं पान उघडलं तर तिथे असं काहीतरी दिसतं:

```
BUY   LIMIT   DAY   OPEN
Qty    180 / 500
Price  412.50
Avg    412.43
LTP    412.50
```

या पाच ओळींतली सगळ्यात फसवी ओळ पहिली आहे, कारण तिथे `OPEN` लिहिलेलं असतं. ते वाचून अनेकांना वाटतं की ऑर्डर अजून लागलेलीच नाही. प्रत्यक्षात १८० शेअर तुमचे झालेले असतात. त्यांचा व्यवहार पूर्ण झालेला असतो आणि तो मागे घेता येत नाही. `OPEN` हा शब्द फक्त उरलेल्या ३२० शेअरबद्दल बोलतो.

मी नवीन असताना नेमकी हीच गफलत केली होती. `OPEN` पाहिलं, ऑर्डर अडकली असं समजले आणि तेवढ्याच शेअरची दुसरी ऑर्डर टाकून दिली. तासाभरात दोन्ही ऑर्डर पूर्ण लागल्या आणि हवे होते त्याच्या दुप्पट शेअर खात्यात आले. तेव्हापासून ऑर्डरच्या पानावर माझी नजर आधी `Qty`च्या ओळीवर जाते, स्थिती मग वाचते. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

आधी समजून घ्या: १८०वरच का थांबली?

ऑर्डरच्या पानावरून त्या शेअरच्या मार्केट डेप्थवर जा. एका बाजूला घेणाऱ्यांचे भाव असतात, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे. तुम्ही ऑर्डर टाकली त्या क्षणी विकणाऱ्यांची बाजू अशी होती असं धरू:

```
भाव       शेअर
412.40    120
412.50     60
412.60     50
412.80     90
413.00    100
413.40    200
```

ही एक शिडी आहे असं समजा. खरेदीची ऑर्डर नेहमी सगळ्यात स्वस्त विकणाऱ्यापासून सुरुवात करते आणि एकेक पायरी वर चढते. तुमच्या ऑर्डरने ४१२.४०चे १२० शेअर घेतले, मग ४१२.५०चे ६० घेतले. पुढची पायरी ४१२.६०ची होती, पण तुम्ही तर ४१२.५०च्या वर जायचं नाही असं सांगून ठेवलेलं. म्हणून ती तिथेच थांबली. ऑर्डरवर टॅप करून तपशील उघडलात तर हे दोन सौदे वेगवेगळे दिसतील. सरासरी ४१२.४३ का आली तेही तिथेच कळतं: १२० शेअर तुमच्या लिमिटपेक्षा स्वस्तात मिळाले. लिमिट म्हणजे फक्त वरची हद्द, त्याहून कमी भावात शेअर मिळत असतील तर ते तसेच मिळतात.

उरलेल्या ३२० शेअरचं काय झालं? ते आता घेणाऱ्यांच्या बाजूला ४१२.५० या ओळीत जाऊन उभे आहेत. याआधी खरेदीला सगळ्यात वरचा भाव ४१२.४०च्या खालीच होता, त्यामुळे या घडीला रांगेत तुम्हीच पहिले आहात. कुणी ४१२.५० किंवा त्याहून कमी भावाला विकायला आलं, तर त्याचे शेअर आधी तुम्हाला मिळतील. पण दुसऱ्या कुणी ४१२.६०ची खरेदी लावली तर तो तुमच्या पुढे गेला. रांग आधी भावाने लागते आणि भाव सारखा असेल तर वेळेने.

मार्केट ऑर्डर टाकली असती तर?

तीही याच शिडीवर, याच क्रमाने चढली असती. पहिले १८० शेअर अगदी त्याच भावांना मिळाले असते. फरक तिथून पुढे पडतो, कारण मार्केट ऑर्डरला थांबायची पायरीच दिलेली नसते. ४१२.६०चे ५०, ४१२.८०चे ९०, ४१३.००चे १०० आणि उरलेले ८० थेट ४१३.४०ला घेऊन ती क्षणात पूर्ण झाली असती. या ३२० शेअरची सरासरी ४१२.९८ येते, आणि सगळ्या ५००ची ४१२.७८.

स्क्रीनवर तर `LTP 412.50` दिसत होता! `LTP` म्हणजे नुकत्याच होऊन गेलेल्या सौद्याचा भाव. त्या भावाला पुढचे किती शेअर विकायला आहेत, हे तो सांगत नाही. मार्केट ऑर्डर टाकताना लोक `LTP` पाहतात आणि तोच भाव मिळेल असं धरून चालतात. वरच्या उदाहरणात उरलेल्या ३२० शेअरवर मिळून १५४ रुपयांचा फरक पडला. भरपूर उलाढाल असलेल्या शेअरमध्ये पायऱ्या जवळजवळ आणि जाड असतात, तिथे हा फरक जाणवतही नाही. जिथे उलाढाल तुरळक, तिथे दोन पायऱ्यांमध्ये मोठी खिंडारं असतात आणि मार्केट ऑर्डर फार वरपर्यंत खेचली जाऊ शकते. डेप्थमध्ये दिसणाऱ्या ओळी मोजक्याच असतात आणि काही ऑर्डरची पूर्ण संख्या दाखवलेली नसते, म्हणून हा हिशेब अंदाजाचा, पण तो केल्याशिवाय मोठी मार्केट ऑर्डर टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक समज काढून टाकायला हवा: मार्केट ऑर्डर अर्धवट लागूच शकत नाही, असं नाही. समोर विकणारेच संपले तर तीही अडते.

आता उरलेल्या ३२०चं काय करायचं?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला भाव महत्त्वाचा आहे की शेअरची संख्या?

भाव महत्त्वाचा असेल तर काही करू नका. ऑर्डर रांगेत राहू द्या. `DAY` वैधतेची ऑर्डर बाजार बंद होईपर्यंत जिवंत असते, त्यानंतर उरलेला भाग आपोआप रद्द होतो. तोवर ३२० शेअरची रक्कम, म्हणजे १,३२,०००, अडकून राहील, हे लक्षात असू द्या. खात्यातली शिल्लक कमी दिसली तर घाबरू नका, ती खर्च झालेली नसते. `IOC` वैधता निवडली असती तर मात्र असं रांगेत थांबणं घडलंच नसतं: १८० मिळाले असते आणि ३२० त्याच क्षणी रद्द झाले असते.

संख्या महत्त्वाची असेल तर `Modify` दाबा. इथे बरेच जण थेट `LIMIT` काढून `MARKET` करतात. मी तसं करत नाही. डेप्थ पाहून लिमिटच थोडी वर सरकवते. वरच्या शिडीवर ४१३.०० केलं तर २४० शेअर लगेच मिळतात, सरासरी ४१२.८४ पडते, आणि मागे फक्त ८० उरतात. काम बरंचसं झालं आणि ४१३.४०ची महाग पायरी टळली.

`Modify`मध्ये दोन गोष्टी सांभाळा. पहिली, संख्येचा रकाना. काही अॅपमध्ये तिथे मूळ ५०० धरतात, काहींमध्ये उरलेले ३२०. तुमच्या अॅपमध्ये काय धरलं आहे हे न बघता आकडा बदललात तर हवे तेवढे शेअर येणार नाहीत. दुसरी, रांगेतली जागा. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की बहुतेक एक्स्चेंजवर तुमची वेळ नव्याने धरली जाते आणि तुम्ही त्या भावाच्या रांगेत शेवटी जाता. म्हणून पाच पैशांसाठी भाव खालीवर करत बसण्यात नुकसानच होतं.

आणि उरलेले शेअर नकोच असतील तर `Cancel`. रद्द होतात ते फक्त ३२०. बोट लावल्यापासून एक्स्चेंजला निरोप पोचेपर्यंत मधल्या क्षणात आणखी काही शेअर लागू शकतात, म्हणून रद्द झाल्यावर `Qty` पुन्हा वाचा. १८०च्या जागी २१० दिसले तर ती चूक नाही, तीस शेअर वाटेत लागले.

स्टॉप-लॉस लावताना थांबा

अर्धवट ऑर्डरमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत घसरला की आपोआप विक्री करणारी ऑर्डर. मनात ५०० शेअर असतात, म्हणून माणूस सवयीने ५००चाच स्टॉप-लॉस लावतो. हातात मात्र १८० आहेत. अॅप तेवढी ऑर्डर घेत असेल आणि भाव घसरून स्टॉप-लॉस लागला, तर १८० विकून झाल्यावर पुढचे ३२० तुमच्याकडे नसतानाच विकले जातील. त्याच घसरणीत ४१२.५०ची खरेदी लागून गेली तर हिशेब जुळेल, पण खरेदी आधीच रद्द केली असेल किंवा स्टॉप-लॉस ४१२.५०च्या वर असल्याने तिचा भाव आला नसेल, तर न मागितलेली विक्री अंगावर येते. डे-ट्रेडिंगच्या ऑर्डरमध्ये हा धोका जास्त, कारण तिथे हातात नसलेले शेअर विकण्याची मुभा अनेकदा असते.

म्हणून स्टॉप-लॉस लागलेल्या शेअरचाच लावा, आत्ता १८०चा. पुढे आणखी शेअर मिळाले की स्टॉप-लॉसची संख्या वाढवा. खरेदीचा उरलेला भाग नको असेल तर तो आधी रद्द करा, अंतिम आकडा पाहा आणि मगच स्टॉप-लॉस टाका.

दिवस संपल्यावर

बाजार बंद झाला की बऱ्याच अॅपमध्ये ही ऑर्डर `CANCELLED` अशी दिसते. नुसती स्थिती वाचली तर वाटेल की काही घेतलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ५००ची ऑर्डर टाकली जाईल. ऑर्डर उघडून बघा, आत `180 / 500` तसंच असतं. मग पोझिशन किंवा होल्डिंगच्या पानावर तेच १८० दिसतात का आणि सरासरी ४१२.४३ आहे का हे ताडून घ्या. उद्या घ्यायचे असतील ते ३२०. ती नवी ऑर्डर असेल, रांगेत नव्याने उभी राहील, आणि तुमच्या ब्रोकरचं शुल्क ऑर्डरमागे असेल तर ते पुन्हा लागेल.