फ्रीझरमधली डाळ आणि उसळ : या चुका टाळा

इंदूरच्या उन्हाळ्यात मटकीला रातोरात मोड येतात आणि शिजवलेली डाळ तितक्याच लवकर आंबते. म्हणून रविवारी एकदम शिजवून ठेवणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक फ्रीझरमध्ये होत नाही, त्याआधी ओट्यावर होते. डाळीचा भरलेला कुकर 'गार होऊ दे' म्हणून रात्रभर तसाच ठेवतात. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. डाळ कोमट असताना ते वाढतात, आणि काहींचे विष नंतर कितीही उकळले तरी जात नाही. फ्रीझर त्यांना मारत नाही, नुसते थांबवतो.

अर्धा किलो तुरीचे उदाहरण घेऊ. डाळ जरा घट्टच शिजवा, फोडणी देऊ नका. दोन पसरट परातींत दोन बोटे उंचीपर्यंत ओता, पराती गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा. वाफ गेली की दहा लहान डब्यांत भरा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तासाभरातच आटपलेले बरे. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगते. एका डब्यात 50 ग्रॅम कोरड्या डाळीचा ऐवज, म्हणजे साधारण 11 ग्रॅम प्रथिने येतात. हिशेब नेहमी कोरड्या वजनावर करावा. वाटीभर मोड भरपूर दिसतात, पण त्यात बरेचसे पाणीच असते.

मोड कच्चेच गोठवले तर सुटल्यावर लिबलिबीत होतात, कारण बर्फाचे कण आतल्या पेशी फाडतात. उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि कापडावर अगदी कोरडे होईपर्यंत पसरा. मग ताटात एकेरी थरात गोठवून पिशवीत भरा. म्हणजे ढेकूळ होत नाही, हवे तेवढे मूठभर काढता येतात. उसळ करताना ते गोठलेलेच फोडणीत टाका आणि नीट शिजवा.

रश्श्याची गोष्ट छोटी आहे. कांदा-टोमॅटोचे वाटण उत्तम टिकते. बटाटा रवाळ होतो, दही आणि साय फुटतात. ही तिन्ही आयत्या वेळी घाला.

गरम करताना घाई नडते. मायक्रोवेव्हमध्ये कडेची डाळ खदखदते तेव्हा मधला गोळा अजून बर्फच असतो. डबा आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवा. नंतर पातेल्यात अर्धी वाटी उकळते पाणी घालून ढवळत सगळीकडून उकळी येऊ द्या. घट्टपणा पाहून घाबरू नका, पाण्याने डाळ सैल होते. फोडणी आता द्या, हिंग-जिऱ्याचा वास तेव्हाच ताजा लागतो. उरलेली डाळ पुन्हा गोठवू नका.

डब्यावर तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत संपवलेली चवीला बरी. मध्ये बराच वेळ लाइट गेली, तर डबा उघडून पाहा. आत अजून बर्फाचे कण असतील तर लगेच शिजवून खा. पूर्ण सुटून कोमट झाली असेल तर वास चांगला असला तरी टाकून द्या.